एका टाकीची साक्ष

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे गाडी विकत घेणाऱ्याला, विकायला काढणाऱ्याला आणि ती नुसती दारात उभी करून ठेवणाऱ्यालाही सारख्याच आस्थेने विचारला जातो. आणि एका लिटरात गाडी किती किलोमीटर धावते या परिमाणाला मराठी माणसाने ‘सरासरी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द कायमचा बहाल करून टाकला आहे. या शब्दयोजनेत नकळत एक शहाणपण आले आहे, असे मला वाटते. सरासरी म्हटली की ती पुष्कळांची असावी लागते, एकाची सरासरी ही वदतोव्याघाताची गोष्ट. परंतु हाच शब्द तोंडी असणारा गृहस्थ रविवारी टाकी भरतो, पुढच्या रविवारी पुन्हा भरतो, पंपावरच्या पावतीच्या मागे एक भागाकार करतो आणि सोमवारी कचेरीत ‘आमची गाडी अठरा देते’ असे निःशंकपणे जाहीर करतो. हा गृहस्थ खोटे बोलत नसतो. त्याने एक साक्षीदार तपासलेला असतो आणि त्याच्या जबानीवर फैसला दिलेला असतो, इतकेच.

असा फैसला मीही एकदा देऊन बसलो होतो, म्हणून हा विषय मला लिहिण्याजोगा वाटला. माझी गाडी लहान आहे, पेट्रोलवर चालते, तिची टाकी सदतीस लिटरांची आहे आणि तिचा बराचसा काळ पुण्याच्या रहदारीत दुसऱ्या गिअरमध्ये जातो. गेल्या वर्षी तिची नेहमीची सर्व्हिसिंग करून घेतली, तेव्हा योगायोगाने त्याच्या आदल्या दिवशी टाकी भरलेली होती आणि त्या टाकीचा हिशेब १५.८१ किलोमीटर असा निघाला होता. सर्व्हिसिंगनंतरच्या टाकीचा हिशेब निघाला १३.५८. दोन किलोमीटरांहून अधिक घट! ऑइल बदलले, फिल्टर बदलले, प्लग साफ केले, त्याचे पैसे घेतले, आणि गाडी आधीपेक्षा अधिक पिऊ लागली, याचा अर्थ कामात काही तरी बिघडवून ठेवले असले पाहिजे, असे अनुमान करून मी पावत्या खिशात घालून गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी माझी कैफियत शांतपणे ऐकून घेतली, हात पुसले, आणि म्हणाले, “साहेब, दोन टाक्यांवरून काय कळतंय? अजून चार होऊ द्या, मग या. तेव्हा कमी निघालं तर गाडी फुकट उघडतो.” त्या वेळी मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटले. घरी येऊन वही उघडली आणि हिशेबाच्या मुळाशी जाऊ लागलो, तेव्हा लक्षात आले की त्या माणसाला या प्रश्नाची जाण माझ्याहून अधिक होती.

टाकीतले पेट्रोल हा एक जमाखर्च आहे. कोणत्याही दुकानदाराला महिन्यात किती माल खपला हे काढायचे असेल तर तो आरंभीची शिल्लक घेतो, तीत महिनाभरात आलेला माल मिळवतो आणि अखेरची शिल्लक वजा करतो. गाडीच्या बाबतीत अडचण अशी की शिल्लक मोजण्याची सोय आपल्यापाशी नाही. काट्यावर दिसते ती शिल्लक एका तरंगत्या गोळ्याच्या उंचीवरून काढलेली असते, आणि टाकीचा आकार वर-खाली सारखा नसल्यामुळे अर्ध्यावरचा काटा म्हणजे अर्धी टाकी असे मुळीच नसते. मग उपाय एकच उरतो: आरंभीची आणि अखेरची शिल्लक किती आहे हे ठाऊक नसले तरी चालेल, पण दोन्ही समान असल्या पाहिजेत. समान असल्या की त्या परस्परांना रद्द करतात, आणि मध्यंतरी ओतलेले पेट्रोल हेच खर्च झालेले पेट्रोल ठरते. ‘टाकी फुल’ ही ती समान शिल्लक होय. टाकी भरून घेण्याचे महत्त्व भरलेपणात नाही. डोळ्यांना दिसणारी आणि पुन्हा गाठता येणारी खूण म्हणून तिचे महत्त्व आहे.

इतके मान्य केले की हिशेबाची रीत आपोआप ठरते. पहिल्या दिवशी टाकी भरायची आणि ओडोमीटरचा आकडा लिहायचा. त्या दिवशी किती लिटर पडले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, कारण ते पेट्रोल आधी झालेल्या प्रवासाची भरपाई आहे. पुढच्या वेळी टाकी भरताना जे लिटर पडतील ते या दोन नोंदींमधल्या अंतराचे. ही गोष्ट लिहून दाखवली की क्षुल्लक वाटते, पण मी पाहिलेल्या दहांपैकी निम्मे हिशेब येथेच चुकलेले असतात: माणूस आज भरलेले लिटर घेतो आणि उद्या होणाऱ्या प्रवासाला त्यांनी भागतो. माझ्या वहीतली पहिली नोंद ४१,२०८ किलोमीटर आणि २७.३५ लिटर अशी आहे. दुसरी ४१,५०२ किलोमीटर आणि १८.६० लिटर. मधले अंतर २९४ किलोमीटर. त्याला १८.६० ने भागले तर १५.८१ येतात, आणि चुकून आदल्या २७.३५ ने भागले तर १०.७५. गाडी तीच, रस्ता तोच, आणि एका ओळीच्या गफलतीने तिचा एक तृतीयांश गुण नाहीसा झाला!

मध्येच कोणी पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकले तर हिशेब मोडला असे मानण्याचे कारण नाही. तेवढे लिटर वहीत जमा करून ठेवायचे, भागाकार करायचा नाही, आणि पुढे टाकी फुल होईल त्या दिवशी मधले सारे लिटर एकत्र करून मागच्या फुल टाकीपासूनचे अंतर त्यांनी भागायचे. अर्धवट भरणा नोंदवायचा विसरला तर मात्र तो सबंध टप्पा खोडून टाकणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

आता माझ्या प्रमादाकडे वळू. रीत तर मी बरोबर पाळली होती. नोंदी अचूक होत्या. भागाकार शाळेत शिकवला तसाच केला होता. मग १५.८१ आणि १३.५८ या दोन आकड्यांत एवढी तफावत का पडली? त्या दोन टप्प्यांत रस्ता, रहदारी, गाडीतली माणसे यांत काही फरक नव्हता. वही घेऊन मी आठवू लागलो, तेव्हा दुसऱ्या नोंदीचा दिवस डोळ्यांपुढे आला. त्या सकाळी नेहमीच्या पंपावर रांग होती, म्हणून चढावर असलेल्या दुसऱ्या एका पंपावर गेलो होतो. गाडी टाकीच्या झाकणाच्या बाजूला कललेली होती. पेट्रोल सोडणाऱ्या मुलाने नोझल पुरता आत न घालता खटका पूर्ण दाबला होता. दोन-तीनदा ‘कट’ झाल्यावर “फुल झाली साहेब” असे म्हणून त्याने झाकण लावले होते, आणि मी पैसे देऊन निघून गेलो होतो.

नोझल आपोआप बंद होते ते टाकी भरल्याची त्याला जाणीव होते म्हणून नव्हे. त्याच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते आणि पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा आत ओढली जात असते. छिद्र पेट्रोलने किंवा पेट्रोलच्या फेसाने झाकले गेले की हवा बंद पडते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. म्हणजे नोझलला कळते ते एवढेच की आपल्या टोकाशी या क्षणी द्रव पोचला आहे. तो द्रव खरोखर टाकी भरून वर आला, की वेगाने सोडल्यामुळे गळ्यातून उसळून आला, की गाडी कललेली असल्यामुळे एका अंगाला लवकर चढला आणि दुसऱ्या कोपऱ्यात हवेचा पोकळ फुगा तसाच राहिला, हा विवेक त्या यंत्राला नाही. म्हणून एकाच गाडीची ‘फुल’ टाकी एका पंपावर एक, तर दुसऱ्या पंपावर लिटरभर वेगळी असू शकते. त्या सकाळी माझी टाकी बहुधा सव्वा ते दीड लिटर रिकामी राहिली होती.

याचा परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. पहिल्या टप्प्यात गाडीने जेवढे पेट्रोल खाल्ले त्याहून दीड लिटर कमी ओतले गेले. खर्च कमी दिसला, म्हणून १५.८१ हा आकडा फुगला. पण ते दीड लिटर कोठे नाहीसे झाले नव्हते. पुढच्या वेळी नेहमीच्या, सपाट पंपावर टाकी पुरती भरली, तेव्हा ती मागची थकबाकीही त्याच पावतीत वसूल झाली आणि ३१२ किलोमीटरांच्या वाट्याला २२.९७ लिटर आले. भागाकार १३.५८. पहिल्या टप्प्याने जे उसने घेतले ते दुसऱ्याने फेडले; आणि मी मात्र पहिल्याला सद्गुणी व दुसऱ्याला दुर्गुणी ठरवून मधल्या मिस्त्रीवर खटला भरायला निघालो होतो. दोन्ही टप्पे एकत्र केले तर ६०६ किलोमीटर आणि ४१.५७ लिटर, म्हणजे १४.५८ होतात. हा आकडा माझ्या गाडीला शहरात नेहमी शोभणारा आहे, आणि दीड लिटरांच्या त्या घोटाळ्याचा त्यात मागमूसही नाही.

या ठिकाणी जे घडले ते योगायोगाने घडलेले नाही, हिशेबाच्या रचनेतच ते आहे, आणि या लेखाचे प्रतिपाद्य म्हणावयाचे तर तेवढेच आहे. कोणत्याही एका भरण्यात झालेली चूक दोन टप्प्यांत शिरते: संपणाऱ्या टप्प्यात एका दिशेने आणि सुरू होणाऱ्या टप्प्यात नेमक्या उलट दिशेने. टप्पे वेगवेगळे ठेवले तर ती दोनदा फसवते. त्यांची बेरीज केली तर ती स्वतःच स्वतःला छेदून जाते. सहा टप्प्यांची बेरीज घेतली की मधल्या पाचही भरण्यांतल्या चुका अशा परस्पर विझून जातात आणि उरते ती फक्त पहिल्या भरण्याची व शेवटच्या भरण्याची चूक. ती जितक्या लिटरांची एका टाकीत होती तितक्याच लिटरांची सहा टाक्यांत राहते, मात्र आता ती सहापट पेट्रोलात विरघळलेली असते.

माझी वही पुढे अशी चालली. तिसरा टप्पा कोल्हापूरला जाऊन येण्याचा होता, ४७८ किलोमीटर आणि २४.६० लिटर, म्हणजे १९.४३, चौथा पुन्हा शहरातला, २८७ किलोमीटरांना २०.६७ लिटर, १३.८८, पाचवा थोडा शहरातला व थोडा बाहेरचा, ३२९ ला २०.२९, म्हणजे १६.२१, आणि सहावा ३०७ ला २१.५७, म्हणजे १४.२३. ओडोमीटर ४३,२१५ वर आला. एकंदर अंतर २,००७ किलोमीटर, एकंदर पेट्रोल १२८.७० लिटर, आणि भागाकार १५.५९. आता पहिल्या व शेवटच्या भरण्यात प्रत्येकी एक लिटराची चूक झाली आणि दोन्ही चुका दुर्दैवाने परस्परविरुद्ध बाजूंना पडल्या, असे धरून चालू. एका टाकीच्या हिशेबात, वीस लिटरांच्या खर्चावर, दोन लिटरांची चूक म्हणजे दर दहांत एक. खरा आकडा १४.७ असेल तर वहीत १३.४ पासून १६.३ पर्यंत काहीही निघू शकेल. तीच चूक १२८.७० लिटरांवर वाटली गेली की आकडा १५.३६ आणि १५.८४ यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. बारा टाक्या केल्या तर ही मर्यादाही निम्म्यावर येते. यात कोठेही अधिक सूक्ष्म उपकरण लागले नाही, पंपावर कोणाशी हुज्जत घालावी लागली नाही. लागले ते थांबणे.

यावर एक आक्षेप सहज सुचतो, आणि तो मला अनेकांनी घेतलाही: टाकी अर्धवट भरण्याने घोटाळा होत असेल तर ती गळ्यापर्यंत काठोकाठ का भरू नये? नोझल कट झाल्यावरही थेंब थेंब सोडत पेट्रोल डोळ्यांना दिसेपर्यंत भरावे, म्हणजे खूण पक्की होईल. तर्क चुकीचा नाही, परंतु व्यवहार चुकीचा आहे. टाकीच्या वरच्या भागात मोकळी जागा ठेवलेली असते ती पेट्रोल तापून प्रसरण पावते म्हणून. दहा अंश तापमान वाढले तर त्याचे आकारमान शेकडा एकाच्या आसपास वाढते, आणि भरलेली गाडी उन्हात उभी राहिली की ही वाढ कोठे तरी जावी लागते. शिवाय आजच्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषून घेणारी कोळशाची एक डबी बसवलेली असते, तीत वाफेऐवजी द्रव पेट्रोल गेले तर ती निकामी होते. आणि मायलेज अचूक मोजण्याच्या नादात दुरुस्तीचे बिल ओढवून घेणे हा काही सुज्ञ जमाखर्च नव्हे. काठोकाठ भरण्यापेक्षा सारखे भरणे महत्त्वाचे: तोच पंप, शक्य तर तेच नोझल, सपाट जागा, सावकाश धार, आणि पहिल्या कटला थांबणे. पंपावरचा मुलगा यानंतर हमखास विचारतो, “राउंड फिगर करू का?” पंचवीसशे रुपये पुरे करण्यासाठी तो जे थोडे अधिक सोडतो ते प्रत्येक वेळी निराळे असते, म्हणून या सौजन्याला नम्रपणे नकार द्यावा आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.

दुचाकीवाल्याची अवस्था याहून कठीण आहे. मोटारसायकलची टाकी वरच्या बाजूला रुंद असते. समजा, तिच्या आतल्या पृष्ठाची लांबी पंचवीस सेंटिमीटर आणि रुंदी अठरा सेंटिमीटर भरली, तर पातळीत एका सेंटिमीटराचा फरक म्हणजे साडेचारशे मिलिलिटरांचा फरक. लिटराला पंचावन्न किलोमीटर जाणाऱ्या गाडीच्या हिशेबात हे जवळजवळ पंचवीस किलोमीटर झाले! आणि गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी करून भरली की बाजूच्या स्टँडवर कलती ठेवून भरली, एवढ्यानेही पातळीत तेवढा फरक पडतो. येथे मला जुन्या पिढीच्या एका रीतीची आठवण होते, जिची आम्ही नव्या गणिताच्या अहंकारात थट्टा करीत असू. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना पेट्रोलची तोटी असे आणि तिला ‘रिझर्व्ह’ अशी एक जागा असे. गाडी आचके देऊ लागली की तोटी फिरवायची, पंपावर जाऊन मोजून दोन लिटर टाकायचे, तोटी पुन्हा पूर्ववत करायची आणि गाडी पुन्हा आचके देईपर्यंतचे अंतर मोजायचे. आरंभीची व अखेरची शिल्लक समान असावी हेच तत्त्व येथेही पाळलेले आहे; फक्त खूण वरची न घेता खालची घेतली आहे. आणि बहुतेक टाक्या तळाशी निमुळत्या असल्यामुळे तेथे पातळीतल्या सेंटिमीटरभर फरकाने पेट्रोलात फारच थोडा फरक पडतो, म्हणजे खूण म्हणून ती जागा वरच्या काठापेक्षा सरस आहे. घाटाच्या चढावर आचका थोडा आधी बसतो, एवढेच तिचे वैगुण्य. आताच्या गाड्यांतून ती तोटी गेली, आणि तिच्या जागी आलेला दिवा काट्याइतकाच लहरी आहे.

बेरजेविषयी बोलताना आणखी एक मोह सांगितला पाहिजे. सहा टाक्यांचे सहा भागाकार हाताशी असले की त्यांचीच सरासरी काढावी असे वाटते, आणि सरासरी हा शब्द तर आपण आधीच गाडीला देऊन बसलो आहोत. शंभर किलोमीटर गाडी लिटराला दहा अशी धावली आणि पुढचे शंभर वीस अशी धावली, तर मनात पटकन पंधरा येतात. पण पहिल्या शंभरांना दहा लिटर लागले आणि दुसऱ्या शंभरांना पाच, म्हणजे दोनशे किलोमीटरांना पंधरा लिटर, आणि खरा आकडा १३.३३. किलोमीटरांची बेरीज लिटरांच्या बेरजेने भागावी. भागाकारांची बेरीज करू नये. माझ्या सहा भागाकारांची सरासरी १५.५२ येते, ती १५.५९ च्या अगदी शेजारी आहे हे खरे; पण ती कोल्हापूरच्या लांब टप्प्याने आणि शहरातल्या छोट्या टप्प्यांनी परस्परांना सांभाळून घेतल्यामुळे, आणि अशा भाग्यावर हिशेब चालवता येत नाही.

एवढे करूनही जे विझत नाहीत असे दोन दोष उरतात, आणि त्यांचा स्वभाव निराळा आहे. भरण्याची चूक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला पडते, म्हणून बेरजेत ती विरते. पण ओडोमीटर जर दर किलोमीटराला थोडे अधिक दाखवीत असेल तर सहा काय, साठ टाक्या केल्या तरी तो अधिकच दाखवीत राहणार. ओडोमीटर रस्ता मोजीत नाही, चाकाचे फेरे मोजतो. आणि टायर झिजून त्याची त्रिज्या पाच-सहा मिलिमीटरांनी कमी झाली की तोच रस्ता कापायला चाकाला शेकडा दोनपर्यंत अधिक फेरे घ्यावे लागतात. म्हणजे जुन्या टायरांची गाडी कागदोपत्री अधिक मायलेज देते, आणि नवे टायर घातल्याबरोबर ते ‘कमी झाले’ म्हणून मालक टायरवाल्याकडे जातो! याची झडती घेण्याचा मार्ग सोपा आहे. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड धरून पन्नास किलोमीटर जायचे आणि ट्रिपमीटर किती म्हणतो ते पाहायचे. मात्र हा टप्पा बाह्यवळणामुळे अंतर बदललेल्या भागातला नसावा. माझ्या गाडीच्या मीटरने पन्नास दगडांत ५०.६ दाखवले. शेकडा १.२ एवढा हा कर वजा केला की १५.५९ चे १५.४ होतात.

दुसरा दोष पंपाच्या मापाचा. या बाबतीत लोकांच्या मनात संशय फार आणि तपासणी थोडी, असा प्रकार आहे. प्रत्येक पंपावर पाच लिटरांचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ते भरून दाखवा असे म्हणण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पाच लिटरांत पंचवीस मिलिलिटर, म्हणजे शेकडा अर्धा, एवढी तफावत क्षम्य मानली जाते. मापात याहून मोठी खोट असेल तर ती त्या मापात लगेच दिसते, मायलेजवरून मात्र सहसा कळत नाही. कारण पंपाने शंभरात दोन लिटर मारले तर तेवढा फरक एका टाकीच्या घोटाळ्यात पार बुडून जातो. ‘त्या पंपावर भरले की अ‍ॅव्हरेज पडते’ असे एका भरण्यावरून म्हणणाऱ्याने, तेथे मागच्या भरण्याची थकबाकी तर फिटली नाही ना, हे आधी पाहावे.

गाडीच्या पडद्यावर जो आकडा उमटतो त्याचे काय, असे आजचा तरुण वाचक विचारील. तो आकडा टाकीकडे पाहतच नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारी इंजेक्टरे किती वेळ उघडी राहिली यावरून संगणक खर्च अजमावतो. इंजेक्टरातून पडणारे प्रमाण कारखान्यात ठरवल्याप्रमाणेच आहे असे तो गृहीत धरतो. माझ्या त्याच २,००७ किलोमीटरांना माझा पडदा १६.४ म्हणत होता, म्हणजे वहीपेक्षा शेकडा पाच अधिक. पण त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याचे अधिक सांगणे बऱ्यापैकी एकसारखे आहे, आणि एकदा वहीवरून ते प्रमाण कळले की एका दिवसाच्या प्रवासाची तुलना करायला तो वहीपेक्षाही उपयोगी पडतो. वहीला तर एका दिवसाचे काही सांगताच येत नाही.

आणि कंपनीच्या जाहिरातीतला आकडा? पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही संस्था आहे. तिच्यासारख्या प्रयोगशाळांत गाडी रुळांवर जागच्या जागी धावते, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवते आणि कमी करते, ताशी नव्वद किलोमीटरांच्या पुढे जात नाही, वातानुकूलन बंद असते, आणि खर्च टाकीवरून न मोजता धुराड्यातून बाहेर पडलेल्या वायूंतल्या कार्बनवरून काढला जातो. जितका कार्बन बाहेर आला तितका पेट्रोलातूनच आला असला पाहिजे, हा त्यामागचा विचार. तेथे लिटरभर इकडेतिकडे होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणूनच दहा-अकरा किलोमीटरांच्या एका धावेवर त्यांना निष्कर्ष काढता येतो, आणि आपल्याला तीनशे किलोमीटरांवरही काढता येत नाही. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहा वाजता आपली गाडी काय देईल हे सांगण्याचा त्याचा दावा नाही.

खरा बिघाड ओळखायचा कसा, हा प्रश्न शेवटी राहतो. भरण्याची चूक ही झोक्यासारखी असते: एक टाकी चढी, लगेच पुढची पडती, माझे १५.८१ आणि १३.५८ हे त्याचे ठळक उदाहरण. बिघाड झोके घेत नाही. चाकातली हवा कमी झाली, ब्रेक चाकाला घासू लागला, तर टाकीमागून टाकी आकडा खालीच राहतो आणि परत उसळी घेत नाही. शिवाय ब्रेक घासत असेल तर थोडे अंतर चालवून थांबल्यावर त्या चाकाजवळ हात नेला की ऊब इतर चाकांहून अधिक लागते, तिला वहीची गरज नाही. तुलना करायची तर ती शहरातल्या टाक्यांची शहरातल्या टाक्यांशी व्हावी, आणि उन्हाळ्यातल्या सहांची, जेव्हा वातानुकूलन दिवसभर चालते, थंडीतल्या सहांशी होऊ नये. माझ्या १५.४ या आकड्याचेही तेच आहे; त्यात कोल्हापूरचा टप्पा मिसळलेला आहे, तो वगळला तर शहराचा आकडा १४.५ च्या आसपासच येतो, आणि उद्या मी दर महिन्याला कोल्हापूरला जाऊ लागलो तर गाडी तीच राहून आकडा वाढेल.

सहाव्या टाकीनंतर मी गॅरेजवर गेलो, तो चाकातली हवा तपासून घ्यायला. मिस्त्रींनी हवा भरता भरता “काय निघालं?” एवढेच विचारले, आणि मी सांगितलेला आकडा ऐकून मान हलवली. त्यानंतर वहीत सातवी नोंद पडली आहे, ४३,५१९ किलोमीटर आणि १९.०५ लिटर, तिच्यापुढची भागाकाराची जागा मी कोरी ठेवली आहे.